हर्नियाला दोन वर्षं, गुडघ्याला तीन

आरोग्य विमा घेऊन सहा-सात महिने झालेले असतात. पोटाच्या खालच्या बाजूला गाठ दिसते, सर्जन हर्निया म्हणून सांगतात, ऑपरेशनची तारीख ठरते. रुग्णालयाच्या विमा खिडकीतून कॅशलेसची विनंती जाते आणि संध्याकाळपर्यंत नकार येतो. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘अहो, तीस दिवस तर केव्हाच संपले ना?’

संपले हे खरंच. पण पॉलिसीत ते तीस दिवस एका कलमात असतात आणि हर्निया दुसऱ्याच कलमात. विमा नियामक इर्डाने बहुतेक पॉलिसींसाठी या कलमांची भाषा आणि क्रमांक एकसारखे करून दिले आहेत. सुरुवातीच्या प्रतीक्षा काळाला Excl03 आणि ठरावीक आजारांच्या प्रतीक्षा काळाला Excl02 हे सांकेतांक असतात. विमा विकणारा तीस दिवसांचं आवर्जून सांगतो, कारण ते सांगायला सोपं आहे. दुसरं कलम म्हणजे पान-दीड पानाची यादी, ती कोण वाचून दाखवणार?

पहिलं कलम फक्त दिवस मोजतं. पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून तीस दिवसांत कुठल्याही आजारासाठी दाखल झालात तर खर्च मिळत नाही, मग तो डेंग्यू असो की न्यूमोनिया. अपघात तेवढा वगळला आहे, तिसऱ्या दिवशी स्कूटरवरून पडून हात मोडला तरी क्लेम चालतो. ही अट एकदा ओलांडली की संपली, वेळेवर नूतनीकरण करणाऱ्याला ती पुन्हा भेटत नाही.

दुसरं कलम आजाराचं नाव बघतं. आरोग्य संजीवनी ही सगळ्या कंपन्यांकडे एकाच मजकुराने मिळणारी पॉलिसी आहे, तिच्यातली यादी नमुन्यादाखल घेऊ. सर्व प्रकारचा हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू, मूळव्याध आणि भगंदर, मुतखडा, पित्ताशयातले खडे, प्रोस्टेटची वाढ, टॉन्सिल, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया, साध्या गाठी या सगळ्यांना २४ महिने. सांधेबदल आणि वयोमानाने होणारी गुडघ्यांची झीज यांना त्याहून जास्त. पूर्वी ही मुदत ४८ महिन्यांपर्यंत असे. १ एप्रिल २०२४पासून लागू झालेल्या नियमांनी ती जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणली. कंपनी याहून कमी ठेवू शकते, म्हणून खरा आकडा आपल्या पॉलिसीतच बघावा लागतो.

यामागचा हिशेब सरळ आहे. हर्निया किंवा झिजलेला गुडघा माणूस बरेचदा वर्ष-दोन वर्षं अंगावर काढू शकतो. प्रतीक्षा काळ नसता तर ऑपरेशनची तारीख ठरवून मग पॉलिसी घेतली गेली असती आणि तो खर्च बाकीच्यांच्या हप्त्यांतून निघाला असता. हे पटतं. पण त्याच यादीत मुतखडाही बसलेला आहे. मुतखड्याची कळ मध्यरात्री उठली की ती कुणी नियोजन करून आणलेली नसते. आतड्याला पीळ बसून अडकलेल्या हर्नियाचंही तेच. तिथे काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते, तरी क्लेम नाकारला जातो, कारण तातडी ही या कलमात सूट नाही. सूट फक्त अपघाताला आहे, आणि जड पोतं उचलताना हर्निया झाला म्हणून तो अपघात, हा युक्तिवाद सहसा टिकत नाही. माझ्या मते यादीचा हा भाग ग्राहकावर अन्यायच करतो.

आणखी एक गोष्ट लोकांना खटकते. ‘मला हा आजार आधी नव्हताच’ हे उत्तर इथे उपयोगी पडत नाही. पॉलिसी घेतल्यानंतर नव्याने झालेला आजारही या कलमात येतो, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. आधीपासूनच्या आजारांचं कलम वेगळं, Excl01. एखादा आजार दोन्हींत बसला तर जी मुदत जास्त ती लागते, दोन्हींची बेरीज होत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा साताऱ्यातल्या पन्नाशीच्या एका दुकानदाराने १० मे २०२४ रोजी पाच लाखांची पॉलिसी घेतली. हर्नियाला २४ महिने, सांधेबदलाला ३६, आधीच्या आजारांना ३६. जून २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात तीस दिवस उलटून गेले. जुलैत डेंग्यू झाला, क्लेम मिळाला. डिसेंबरात हर्निया निघाला. तो नवा असेल तर १० मे २०२६पासून त्याचा खर्च मिळेल. पण केसपेपरवर निवासी डॉक्टरांनी ‘तीन वर्षांपासून सूज’ असं लिहिलं, तर आजार पॉलिसीच्या आधीचा ठरतो आणि तीच तारीख १० मे २०२७वर जाते. शिवाय प्रस्ताव अर्जात तो का सांगितला नाही, हा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. म्हणून त्रास कधीपासून आहे हे डॉक्टरांना अंदाजाने न सांगता खरं आणि नेमकं सांगावं, आणि कागदावर काय उतरलं ते वाचावं.

मे २०२५च्या नूतनीकरणात त्याने विमा रक्कम पाचाची दहा लाख केली. वाढवलेल्या पाच लाखांपुरता प्रतीक्षा काळ नव्याने सुरू होतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. ऑगस्ट २०२७मध्ये दोन्ही गुडघे बदलले आणि बिल साडेसहा लाखांचं झालं, तर मूळ पाच लाखांचे ३६ महिने पूर्ण आहेत, वरच्या पाच लाखांचे मे २०२८मध्ये होतील. म्हणजे दीड लाख खिशातून जाण्याची तयारी हवी. दुखणं धीर धरण्यासारखं असेल तर आधी एक गुडघा करून दुसरा पुढच्या वर्षी करणं परवडतं का, हे अशा वेळी सर्जनशी बोलून बघता येतं.

हे महिने सलग मोजले जातात. वार्षिक हप्ता भरणाऱ्याला मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असते. त्यात हप्ता भरला तर जुने महिने टिकतात, ती चुकली तर घड्याळ शून्यावर येतं आणि तीस दिवसांची अटही परत लागते. कंपनी बदलायची असेल तर जुनी पॉलिसी सोडून नवी घेऊ नये, पोर्ट करावी. मग आधी काढलेला काळ जुन्या विमा रकमेपुरता धरला जातो. नोकरीतल्या गट विम्यात हे प्रतीक्षा काळ बरेचदा माफ असतात. म्हणून निवृत्तीच्या तोंडावर स्वतःची पहिली पॉलिसी घेणाऱ्याला धक्का बसतो: काल ज्या गुडघ्याला विमा होता त्यालाच आज तीन वर्षं थांबायचं. गट विम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते. ती बघायची ती गट विमा चालू असतानाच.

नकाराचं पत्र आलंच तर त्यात कुठलं कलम लिहिलं आहे ते आधी पाहावं. Excl02 असेल तर आपला आजार यादीत शब्दशः आहे का आणि महिने पहिल्या पॉलिसीपासून मोजलेत की पोर्ट केल्याच्या तारखेपासून, हे तपासावं. पोर्ट करताना जुन्या पॉलिसीचा काळ नव्या कागदावर चढलेलाच नसतो, असं घडतं. पडल्यामुळे सांधा बदलावा लागला असेल तर पहिल्या दिवसाचा एक्सरे आणि अपघाताची नोंद असलेले रुग्णालयाचे कागद जोडावेत. कंपनीच्या तक्रार विभागाने ऐकलं नाही किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत, आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर तक्रारीसाठी एक वर्षाची मुदत असते.