दोन तोळ्यांत किती जाड चेन?

पुरुषासाठी चेन घेताना बहुतेक जण आधी जाडी बघतात. माझ्या मते आधी गळा मोजावा. शर्टाच्या कॉलरचं माप सोळा इंच असेल, तर वीस इंचांची चेन गळ्याच्या खळग्याखाली थोडी टेकते, बावीसची आणखी खाली उतरते. अठराची मात्र बटण लावलं की टोचू लागते.

आता बजेट दोन तोळे, म्हणजे वीस ग्रॅम धरू. वीस इंचांत दर इंचाला एक ग्रॅम सोनं येतं, चोवीस इंचांत जेमतेम ०.८३ ग्रॅम. लांबी वाढली की त्याच वजनात कडी बारीक होते.

तरीही कुणी त्याच वजनात दुप्पट जाड चेन दाखवली, तर ती बहुधा पोकळ असते. भरीव चेनची जाडी दुप्पट झाली, की वजन सुमारे चौपट होतं. पोकळ चेन दिसते भारदस्त. पण झोपेत दबली की कडीला पोचा पडतो आणि तो नीट निघत नाही. रोज घालायची तर भरीवच घ्या, थोडी बारीक चालेल.

चेन मनगटावरून उलटसुलट ओढून पाहा. केस अडकले तर मानेवरचेही अडकणार. शेवटी फासा आणि त्याला लागून असलेली कडी तपासा. सर्वाधिक झीज तिथेच होते. वर्षातून एकदा ती सोनाराला दाखवा.