चामडं भिजलं की ढोल गप्प

काल्पनिक जगाच्या कादंबऱ्यांत एक प्रसंग हमखास असतो. राजा मरतो, किल्ल्यावरून प्रचंड शिंग वाजतं, त्यातून 'काळीज पिळवटणारी धून' निघते आणि सारी नगरी रडू लागते. वाचक पान उलटून पुढे जातो, कारण त्याला काहीच ऐकू आलेलं नसतं. शिवाय तसल्या शिंगातून धून निघणंच अवघड. भोकं नसलेल्या नळीतून मूळ स्वर आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे ठरावीकच स्वर मिळतात. खालच्या पट्टीत त्यांच्यामध्ये मोठाली अंतरं असतात. आपली तुतारी ललकारी देते, गाणं वाजवत नाही, याचं कारणही तेच.

अख्ख्या समाजाचं संगीत नव्याने रचायचं तर काय काय करावं लागतं, याचा सर्वांत कसून केलेला नमुना मला अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांच्या 'ऑल्वेज कमिंग होम' या पुस्तकात दिसतो. ते १९८५ साली आलं. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात दूरच्या भविष्यकाळात राहणाऱ्या 'केश' नावाच्या लोकांचं ते जणू मानववंशशास्त्रीय दफ्तर आहे. कथा आहेत, तशाच पाककृती, नकाशे, विधी आणि शब्दकोशही. पुस्तकाच्या पेटीत एक कॅसेटही होती. तिच्यातली गाणी ले ग्विन यांनी केश भाषेत लिहिली आणि संगीतकार टॉड बार्टन यांनी त्यांना संगीत दिलं. हे बाळकडू घरातलंच. ले ग्विन यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे मानववंशशास्त्रज्ञ. इशी या याही जमातीच्या माणसाची गाणी आणि कथा त्यांनी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित करून ठेवल्या होत्या. कॅसेट ऐकताना कुणीतरी गावात जाऊन ध्वनिमुद्रण करून आणल्यासारखं वाटतं, ते उगाच नव्हे.

केश लोकांची दोन वाद्यं पाहू. एक आहे सात फुटी शिंग, 'होउम्बूता'. सात फूट म्हणजे सव्वादोन मीटरला जरा कमी. एवढ्या लांबीच्या निमुळत्या नळीचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ऐंशी कंपनांचा, म्हणजे पुरुषाच्या बोलण्याच्या आवाजाहूनही खालचा येईल. दुसरं वाद्य हाडाची बासरी. हाडाची लांबी पक्षी किंवा जनावर ठरवतं, वादक नव्हे. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत गिधाडाच्या हाडाची सुमारे चाळीस हजार वर्षांपूर्वीची बासरी मिळाली, ती बावीस सेंटीमीटरच्या आसपास आहे. एवढ्या नळीचा सर्वांत खालचा स्वरही शिंगाच्या मूळ स्वराच्या आठ-नऊ पट उंच असणार. म्हणजे नुसत्या लांबीवरूनच एक वाद्य डोंगरापलीकडे हाक घालणारं आणि दुसरं शेजारी बसलेल्यासाठी वाजवायचं, असं आपोआप ठरू लागतं. 'गूढ', 'मंगल' ही विशेषणं लागतात ती त्यानंतर.

म्हणून वाद्य रचताना पहिला प्रश्न आवाजाचा नसून सामानाचा. या लोकांना मिळतं काय? एक उदाहरण करून पाहू. झाडं नसलेलं उंच पठार घ्या. लोक मेंढपाळ, पाऊस चार महिने धो धो. लाकूड नाही, त्यामुळे सारंगी-वीणा नाही, ढोलाचं खोडही नाही. माती, कातडं, हाड आणि दगड मात्र आहेत. मग मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून वाद्य बनेल. यात अशक्य काही नाही. गोव्याचं घुमट मातीचंच असतं. त्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. घोरपडीला कायद्याने संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचं कातडं आलं, आणि जुना नाद गेला की राहिला यावर जाणकारांत वादही झडतात. कल्पित समाजातही असा एखादा वाद असू द्यावा. परंपरेला वय असल्याचं त्यावरून कळतं.

आता पावसाकडे वळू. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. आपले हलगीवाले हलगी शेकोटीवर तापवून घेतात ते यासाठीच. पण सरपणच नसलेल्या पठारावर पावसाळ्यात जाळ कशाचा करणार? म्हणजे चार महिने ढोल मुका. मूल मात्र पावसाळ्यातही जन्मतंच. इथे परंपरा आपसूक तयार होते. एरवी जन्मलेल्या बाळाचं स्वागत ढोलाने होतं, पावसाळ्यातल्या बाळाचं नाद देणाऱ्या दगडांवर. माणसं 'ढोलाची' आणि 'दगडाची' अशी दोन जातीची होतात. पुढे कुणीतरी म्हणणार, दगडाची पोरं हट्टी. सोयरीक जुळवताना आजी विचारणार, मुलगी कशावर जन्मली? हवामानाच्या एका अडचणीतून निघालेली ही समजूत शंभर वर्षांनी धर्म होऊन बसते, आणि मूळ कारण कुणालाच आठवत नाही.

लग्नासाठी मी मालकीचा प्रश्न घेईन. गाणं सगळ्यांचं असतं, हे आपण गृहीतच धरतो. पण उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या क्वाक्वाकावाक्व लोकांत गाणी आणि नृत्यं घराण्याच्या मालकीची असतात, आणि ती म्हणण्याचा हक्क लग्नात मुलीकडून जावयाच्या घरी जाऊ शकतो. आपल्या पठारावर नवरी असं एकच गाणं घेऊन सासरी आली, तर त्या गाण्याभोवती कादंबरीचं कथानक फिरू शकतं. सासूने ते आडून ऐकून पाठ केलं तर ती चोरी का? नवरी निपुत्रिक वारली तर गाणं माहेरी परत जातं का? एकदा मालकी आली की भांडण आलं, आणि पात्रांना गाण्याची गरज का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

मृत्यूच्या बाबतीत ले ग्विन यांची कल्पना मला अजून थक्क करते. केश लोकांची मरणाची गाणी मागे राहिलेल्यांचा शोक करण्यापुरती नाहीत. मरणाऱ्याने ती आधी शिकायची असतात आणि श्वास आहे तोवर सोबत्यांबरोबर स्वतः म्हणायची असतात. म्हणजे त्या समाजात म्हातारपणी गाणं शिकायला बसणं याचा अर्थ शेजाऱ्यापाजाऱ्यांना बरोबर कळतो. शिकवणारा माणूस लागतो, त्याला वेळ काढावा लागतो, आणि अचानक मेलेल्याचं काय, हा प्रश्न उभा राहतो. एका विधीने एवढी माणसं कामाला लावली.

रचलेली परंपरा टिकते का, हे पाहायचं तर ती मोडून बघावी. पठारावर भर उन्हाळ्यात दगडाचा माणूस मरतो. ढोल कोरडे आहेत, वाजवणारे दारात बसले आहेत, पण घरच्यांना दगडच हवेत आणि ते दगड दुसऱ्या वाडीत, दीड दिवसाच्या वाटेवर. प्रेत ठेवायचं किती वेळ? वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे यावर तोडगा असलाच पाहिजे, कारण असा प्रसंग त्यांच्या आज्यापणज्यांवरही आला असणार. कदाचित चार माणसं टाळ्यांवर दगडांची लय धरतील आणि दगड आल्यावर विधी पुन्हा होईल. कदाचित मयताच्या धाकट्या भावाला हे पटणार नाही आणि तो ढोलावर थाप मारेल. लेखकाने यातलं काहीच ठरवलेलं नसेल, तर सुतकाच्या त्या प्रकरणात त्याची लेखणी पुन्हा 'काळीज पिळवटणाऱ्या' धुनेकडेच वळेल.