इंद्रधनुष्य पूर्वेला, वीजही पूर्वेलाच

आभाळाचे फोटो काढणाऱ्यांचा खरा हंगाम म्हणजे परतीचा पाऊस. जुलैच्या झडीत सगळं आकाश एकाच राखाडी रंगानं सारवलेलं असतं, ढगाला ना कड ना आकार. ऑक्टोबरात सकाळ लख्ख उजाडते, दुपारी घामाघूम करणारा उकाडा होतो आणि तीन-चारच्या सुमाराला ढगांचे मनोरे उभे राहतात. तासभर झोडपून पाऊस पूर्वेकडे राहिला आणि पश्चिम मोकळी झाली, की कोल्ह्याचं लग्न लागतं. समोर काळाकभिन्न ढग, मागून तिरपं ऊन, मध्ये इंद्रधनुष्य.

साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार यासाठी उदाहरण म्हणून घेऊ. तिथे पवनचक्क्यांच्या रांगा आहेत. पावसानंतर त्यांचे पांढरे खांब उन्हात झळाळतात आणि पाठीमागे शिसवी ढग असतो. डोळ्यांना हे दृश्य जितकं सुरेख, तितकं कॅमेऱ्याला अवघड. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. फ्रेमचा मोठा भाग काळ्या ढगानं भरला, की त्याला प्रकाश कमी वाटतो आणि तो फोटो उजळवतो. मग ढगाचा काळेपणा जातो, तो धुरकट दिसतो. पवनचक्कीचं पातं आणि ढगाची उन्हातली कड जळून कोरी पांढरी होते आणि धनुष्याचे रंग धुतल्यासारखे फिके पडतात.

उपाय सोपा आहे: एक्स्पोजर आभाळातल्या सर्वांत उजळ भागासाठी लावायचं, जमिनीसाठी नाही. समजा, आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर एफ/८ असताना कॅमेरा १/१२५ सेकंद शटर सुचवतोय. एक फोटो काढून हिस्टोग्राम पाहा. आलेखाचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटलेला असेल आणि पडद्यावर पातं लुकलुकत असेल, तर तिथला तपशील गेलेला आहे. शटर १/२००, मग १/३२०, १/४०० असं वेगवान करत जा. लुकलुकणं थांबलं आणि डोंगराचा पायथा भिंतीच्या किंचित अलीकडे आला, की तिथेच थांबा. पडद्यावर गवत आणि कातळ आता फार काळे दिसतील. दिसू द्या. फोटो रॉ स्वरूपात काढला असेल, तर सावलीतला तपशील नंतर बराचसा वर काढता येतो. कोऱ्या पांढऱ्या भागातून मात्र काहीच परत येत नाही, कारण तिथे नोंदच झालेली नसते. अर्थात फार काळोखात नेऊन मग उजळवलं, तर सावल्यांत रवा दिसतो; म्हणून गरजेपेक्षा जास्त अंधार करू नये.

मोबाइलवर हेच काम बोटानं होतं. ढगाच्या सर्वांत उजळ भागावर बोट दाबून धरायचं, म्हणजे बहुतेक फोनमध्ये एक्स्पोजर तिथे अडकून राहतं. मग सूर्याचं चिन्ह हळूहळू खाली ओढायचं. फोनचं एचडीआर आकाश आणि जमीन दोन्ही सारखंच उजळ करू पाहतं. वादळाचा सगळा दरारा त्यात सपाट होतो, म्हणून ते बंद करता येत असेल तर करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंद्रधनुष्य शोधत फिरावं लागत नाही. सूर्याकडे पाठ केली, की आपल्या डोक्याची सावली जिथे पडते ते धनुष्याचं केंद्र, आणि त्यापासून ४२ अंशांवर लाल कड. त्यामुळे सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांहून वर असेल, तर सपाट जमिनीवरून धनुष्य दिसतच नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला साताऱ्याकडे ही वेळ दुपारी सव्वातीनच्या आसपास उलटते. पाच वाजता सूर्य साधारण १७ अंशांवर येतो, म्हणजे कमान २५ अंश उंच होते. सूर्य मावळताना तर पूर्ण अर्धवर्तुळ. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत ८४ अंश पसरतं. ते अख्खं हवं असेल तर फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २० मिलिमीटरहून रुंद लेन्स लागते, किंवा फोनचा अल्ट्रावाइड. कमानीच्या आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा नेहमीच उजळ असतं, तेव्हा मोजमाप आतल्या बाजूचं घ्यावं.

धनुष्याचा प्रकाश ध्रुवित असतो. पोलरायझर फिरवताना एका स्थितीत रंग उठून येतात, पाव फेरी पुढे गेलं की धनुष्य जवळपास गायब होतं. रुंद लेन्सवर मात्र तो कमानीचा एखादाच भाग खुलवतो, बाकीचा मारतो. तिथे तो काढून ठेवलेला बरा.

आता जिवाचा प्रश्न. धनुष्य दिसतं ते अनेकदा एक-दोन किलोमीटरवरच्या सरींत. त्या सरी गडगडणाऱ्या ढगातून पडत असतील, तर आपण विजेच्या पल्ल्यात आहोत हे धनुष्यच सांगत असतं. इथे माणूस फसतो, कारण डोक्यावरचा पाऊस थांबलेला असतो, ऊन पडलेलं असतं, संकट गेल्यासारखं वाटतं. वीज मात्र पावसापुरती पडत नाही. सरींपासून १० किलोमीटर बाजूला, कोरड्या जमिनीवरही ती उतरू शकते.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा, तितके किलोमीटर. ३० सेकंद किंवा कमी भरले, तर ताबडतोब आडोसा गाठायचा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईपर्यंत बाहेर पडायचं नाही. या अर्ध्या तासात धनुष्य हातचं जाईल, हे खरं आहे. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' हे अ‍ॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजांची सूचना देतं. निघण्यापूर्वी ते पाहावं.

पठारावर झाडं तुरळक, म्हणून उभा माणूसच उंच ठरतो. ट्रायपॉड लांबून वीज ओढत नाही, पण तिथे उभं राहायला लावतो, धोका तो. पवनचक्कीच्या पायथ्याशी किंवा एकट्या झाडाखाली जाणं त्याहून वाईट, कारण त्यावर पडलेली वीज बाजूला उडी मारते आणि जमिनीतूनही पसरते. पत्र्याची उघडी शेड किंवा बसथांबा म्हणजे आडोसा नव्हे. पक्कं घर किंवा काचा बंद केलेली, धातूच्या टपाची मोटार, एवढंच चालतं. मोटारीत वाचवतो तो धातूचा सांगाडा, रबरी टायर नव्हे. म्हणून आत बसल्यावर दाराच्या धातूला किंवा चार्जिंगच्या वायरीला हात लावू नये. बंद काचेतून फोटो मात्र खुशाल काढा. लेन्स काचेला टेकवली की प्रतिबिंब येत नाही.

केस उभे राहिले किंवा जवळच्या धातूतून गुणगुणल्यासारखा आवाज आला, तर हातातलं सगळं सोडून मोटारीकडे पळायचं. तेवढाही वेळ नसेल तर पाय जुळवून उकिडवं बसायचं, आडवं पडायचं नाही. ही अखेरची धडपड आहे, सुरक्षित जागा नव्हे.

सोबत्यावर वीज पडलीच, तर त्याला हात लावायला घाबरू नका. त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास थांबला असेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ वर फोन करायला सांगा.