खपली राखायची कशी? दात काढल्यानंतरच्या सूचना मराठीत आणताना

दाढ उपटली की जबड्याच्या हाडात एक उघडी पोकळी उरते. पुढच्या काही मिनिटांत तिच्यात रक्त भरते, गोठते आणि एक मऊ, गडद लाल बूच तयार होते. दंतवैद्यकातल्या मोठ्या आश्चर्यांपैकी हे एक आहे, कारण तोंडाइतकी प्रतिकूल जागा रक्त गोठायला दुसरी सापडणार नाही. तिथे सतत ओल असते, जीभ हलत असते, जंतू असतात आणि लाळेत गोठलेले रक्त विरघळवणारी द्रव्येही असतात. तरीही बहुतेक वेळा ते बूच टिकते. आठवडाभरात त्यात नव्या ऊती आणि रक्तवाहिन्या शिरतात, तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते आणि पुढच्या काही महिन्यांत आत हाड भरते.

हे बूच अवेळी निघाले किंवा विरघळले, तर खालचे हाड उघडे पडते. या अवस्थेला ‘ड्राय सॉकेट’ हे नाव अमेरिकन दंतवैद्य जेम्स क्रॉफर्ड यांनी १८९६ साली दिले. साध्या दात काढण्यात ती शंभरातल्या काही थोड्यांनाच होते, पण खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत प्रमाण बरेच वाढते. दात काढल्यावर हातात ठेवल्या जाणाऱ्या कागदावरच्या जवळजवळ सगळ्या सूचना या एका बुचाच्या रक्षणासाठी असतात.

पुण्यात हे कागद सर्वत्र दिसतात. धनकवडीचे भारती विद्यापीठ, कॅम्पातल्या आझम कॅम्पसमधले रंगूनवाला किंवा वडगाव बुद्रुकचे सिंहगड ही दंत महाविद्यालये आणि गल्लोगल्लीचे दवाखाने यांत शहरातले, आसपासच्या तालुक्यांतले आणि परराज्यांतून कामाला आलेले रुग्ण येतात. मूळ सूचना इंग्रजी पाठ्यपुस्तकांतल्या असतात. त्या शब्दशः मराठीत आणल्या, तर कागद बरोबर असूनही रुग्ण चुकीचे वागू शकतो.

उदाहरणासाठी साठीच्या एक काकू घेऊ. मुळशीतून लेकाबरोबर आल्या आहेत, सकाळी ११ वाजता खालची दाढ काढली आहे. त्या हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी घेतात आणि सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात. त्यांचा दिवस कागदाप्रमाणे कसा जायला हवा ते पाहू.

पहिली सूचना बोळ्याची. मुळात ‘गॉज चावा’ अशा अर्थाचे वाक्य असते. तसेच मराठीत लिहिले, तर काही रुग्ण बोळा खरेच चावत राहतात आणि दर पाच मिनिटांनी काढून रक्त थांबले का ते बघतात. प्रत्येक वेळी बोळ्याला चिकटलेले कोवळे बूच सुटून येते. म्हणून काकूंना सांगायचे ते असे: ‘दात मिटून बोळा घट्ट दाबून धरा. पाऊण तास बोलू नका, मध्ये काढून बघू नका. पावणेबारा वाजता हळूच काढून टाका.’ ‘४५ मिनिटे’ म्हणण्यापेक्षा घड्याळातली वेळ सांगितलेली चांगली, कारण दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मिनिटे कोणी मोजत नाही.

इथे ‘क्लॉट’ हा शब्दही येतो. त्याला शब्दकोशातला प्रतिशब्द ‘गुठळी’, पण ज्यांना हृदयविकार आहे त्यांना ‘रक्ताची गुठळी होईल’ म्हटले की धडकी भरते. गुठळी म्हणजे झटका, हेच त्यांनी ऐकलेले असते. ‘खपली धरेल, ती काढायची नाही’ असे म्हटले की गुडघा फुटलेल्या प्रत्येक माणसाला लगेच कळते.

दुसरी सूचना सर्वांत अवघड आहे: २४ तास चूळ भरायची नाही. आपल्याकडे जेवणानंतर खळखळून चूळ भरल्याशिवाय तोंड उष्टेच वाटते, आणि ही सवय इतकी जुनी की हात आपोआप तांब्याकडे जातो. त्यातच लाळ लालसर दिसली की माणूस वारंवार थुंकतो. चूळ आणि थुंकणे या दोन्हींत तोंडात दाब आणि ओढ तयार होते आणि खपली हलते. नुसते ‘चूळ भरू नका’ लिहून भागत नाही, त्याऐवजी काय करायचे तेही सांगावे लागते: ‘उद्या सकाळी ११ पर्यंत चूळ नाही. जेवल्यावर एक घोट पाणी तोंडात घ्या, डोके कलते करा आणि पाणी आपोआप बेसिनमध्ये पडू द्या. लाळ थुंकू नका, गिळा.’ रात्री बाकीचे दात ब्रशने हलके घासले तरी चालतात, फक्त ती जागा सोडायची. उद्या अकरानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवणानंतर, हळुवार गुळण्या. पहिल्या दिवशी घातक असलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी औषध ठरते, म्हणून दिवस आणि वेळ स्पष्ट लिहायला हव्यात.

तिसरी सूचना धूम्रपानाची. मूळ कागद सिगारेटविषयी बोलतो. ‘धूम्रपान करू नका’ हे काकूंनी वाचले, तर त्यांना ते आपल्यासाठी आहे असे वाटणारच नाही. त्यांनी आयुष्यात विडी ओढलेली नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि ती बोटाने हिरडीवर घासली जाते. तंबाखूतले निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि बोटाचे घासणे खपली उचकटते. महाराष्ट्रातल्या कागदावर ‘विडी, सिगारेट, मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा, पान’ अशी नावे घेऊनच लिहायला हवे. मिश्री लावणाऱ्या बाईला ‘किती दिवस जमेल?’ असे विचारून निदान तीन दिवसांचे वचन घेतलेले नुसत्या मनाईपेक्षा उपयोगी पडते.

आहाराच्या सूचनेत ‘सॉफ्ट डाएट’चे ‘हलका आहार’ होते आणि तिथेच घोळ होतो. आपल्या घरांत हलके म्हणजे पचायला हलके: चुरमुरे, पोहे, लाह्या. चुरमुऱ्याचे तुकडे थेट खळग्यात जाऊन रुततात. उपवास असेल तर साबुदाण्याची खिचडी, आणि तिच्यातले दाण्याचे कूट तसेच अडकते. म्हणून ‘मऊ आणि गार किंवा कोमट’ असे म्हणून पदार्थच सांगावेत: मऊ वरण-भात, तांदळाची पेज, गार झालेली मुगाची खिचडी, दही-भात, ताक, केळे, शिरा. बधिरता जाईपर्यंत, म्हणजे दोन ते चार तास, खाणे नकोच, कारण ओठ किंवा गाल चावला तरी कळत नाही. लहान मुलांत तर ओठ चावून मोठी जखम होते. वाफाळता चहा पहिल्या दिवशी टाळायचा. तो बधिर तोंडाला भाजतो आणि उष्णतेने रक्तस्राव वाढतो.

स्ट्रॉची मनाई पुण्यात शहाळ्यापर्यंत पोचवावी लागते. आजाऱ्याला शहाळे आणणे ही आपली रीत, पण नळीने ओढताना तोंडात जी ओढ बसते ती खपलीला थेट खेचते. शहाळ्याचे पाणी पेल्यात ओतून प्यावे. मस्तानी खायची तर चमच्याने, आणि सुका मेवा काढून.

गालावर बाहेरून बर्फ लावायचा की शेक द्यायचा, यातही सवय आडवी येते. दुखऱ्या भागाला घरी सहसा गरम पाण्याची पिशवी दिली जाते. दात काढल्यावर मात्र पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावून, तेवढीच विश्रांती देत राहायचे. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि मग उतरू लागते, हे आधी माहीत असले की दुसऱ्या दिवशी घाबरून शेक दिला जात नाही.

सर्वांत धोक्याची ओळ गोळ्यांची आहे: ‘ॲस्पिरिन टाळा.’ तिचा हेतू असा की दुखते म्हणून डिस्प्रिनसारखी गोळी कोणी घेऊ नये, कारण ॲस्पिरिन रक्त गोठवणाऱ्या बिंबाणूंचे काम मंदावते. पण काकूंनी ती ओळ वाचून हृदयाची रोजची गोळी बंद केली, तर दाढेतल्या थोड्या जास्त रक्तापेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवू शकते. म्हणून एका ओळीच्या दोन ओळी करायच्या: ‘दुखण्यासाठी ॲस्पिरिन किंवा डिस्प्रिन घेऊ नका. हृदयाची किंवा रक्त पातळ करण्याची रोजची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.’

आता रक्ताचे. संध्याकाळी काकूंची लाळ गुलाबी दिसेल. एक थेंब रक्तही तोंडभर लाळेला रंग देते, त्यामुळे २४ तासांपर्यंत असे दिसणे साहजिक आहे. उशाला जास्तीची उशी घेऊन झोपावे आणि अभ्र्यावर जुना टॉवेल टाकावा. पण तोंड ताज्या लाल रक्ताने पुन्हा पुन्हा भरत असेल, तर सरळ बसून स्वच्छ ओला बोळा बरोबर खळग्यावर ठेवून अर्धा तास सलग दाबायचा. एवढे करूनही थांबले नाही, तर दवाखान्याला फोन. रात्री-अपरात्री दवाखाना बंद असेल, तर पुणे स्टेशनजवळच्या ससून रुग्णालयासारख्या ठिकाणी तातडीच्या विभागात जायचे.

परत केव्हा यायचे, याच्या खुणाही रुग्णाच्या भाषेत हव्यात. साधे दुखणे रोज थोडे कमी होत जाते. ड्राय सॉकेटचे दुखणे उलट वागते: दोन दिवस बरे वाटल्यावर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास ठणका सुरू होतो, कानाकडे जातो, तोंडाला घाण वास येतो आणि आरशात खळगा रिकामा दिसतो. सहसा ताप किंवा पू नसतो, म्हणून घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकने ते जात नाही. खळगा धुऊन औषधाची पट्टी भरावी लागते, आणि आराम बहुधा लवकर पडतो. ताप, पू, वाढत जाणारी सूज असेल तर त्याच दिवशी दाखवायचे. तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होऊ लागला, तर अजिबात थांबायचे नाही.

रूट कॅनालनंतर हीच सूचनापत्रिका देणे चूक ठरते. तिथे खळगा नसतो, खपली नसते, म्हणून चूळ भरायला हरकत नाही. जपायचे असते ते दातावरचे तात्पुरते सिमेंट आणि पोकळ होऊन कमकुवत झालेला दात. सिमेंट घट्ट होईपर्यंत तासभर काही खाऊ नये आणि कॅप बसेपर्यंत त्या बाजूने सुपारी, शेंगदाणे, चिक्की चावू नये. चावताना दोन-चार दिवस दुखू शकते. सर्वांत मोठा गैरसमज ‘नस काढली, दुखणे थांबले, काम झाले’ हा. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते. ते झिजले की लाळ आणि जंतू आत झिरपतात, आणि कॅप नसलेली दाढ चावताना उभी चिरली तर बहुधा काढावीच लागते. म्हणून या कागदावर सर्वांत ठळक ओळ पुढच्या भेटीच्या तारखेची असावी: ‘दुखत नसले तरी या.’

भाषांतर जमले की नाही, हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. बोळा निघेपर्यंत काकूंनी बोलायचे नाही, म्हणून दाढ काढण्याआधीच सूचना समजावून त्यांना विचारायचे: ‘काकू, आज घरी जाऊन काय काय करणार, सांगा बघू.’ ‘उद्या अकरापर्यंत चूळ नाही, मिश्री तीन दिवस नाही, हृदयाची गोळी चालू, रक्त वाहिले तर बोळा अर्धा तास’ असे उत्तर आले, तर कागद बरोबर आहे. ‘हलके खाईन, थोडे पोहे’ असे आले, तर ती ओळ पुन्हा लिहायला हवी. मग तेच लेकालाही सांगायचे, कारण संध्याकाळी बर्फ आणि मऊ भात देणारा तोच असतो.