उणीव लपवू नये, उगाळू नये

गेल्या वर्षी ओळखीतली एक मुलगी नोकरीचा अर्ज दाखवायला माझ्याकडे आली. एका खाजगी कारखान्याला हिशेबनीस हवा होता, बी.कॉम. पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव मागितला होता. हिचा बी.कॉम.चा एक विषय राहिलेला, आणि अनुभव तीन वर्षे चार महिन्यांचा. अर्जात मात्र तिने लिहिले होते, 'बी.कॉम., अनुभव सुमारे पाच वर्षे.'

मी प्रथम विचारले, ही अट वाकणारी आहे का? सरकारी भरतीत ती वाकत नाही. जाहिरातीत दुसरी तारीख दिली नसेल, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी पात्रता हातात असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली सांगितले आहे. औषधनिर्माता, वकील अशा व्यवसायांत तर कायदाच आडवा येतो. तेथे आत्मविश्वासाचा उपयोग नाही. खाजगी कारखान्यातील पाच वर्षे मात्र बहुधा एक अंदाज असतो. मालकाला वर्षे नको असतात, वर्षअखेरचा हिशेब निभावणारा माणूस हवा असतो.

म्हणून आम्ही अर्ज बदलला. 'बी.कॉम., शेवटच्या वर्षाचा एक विषय बाकी, परीक्षा ऑक्टोबरात. अनुभव तीन वर्षे चार महिने.' त्याखालीच काम लिहिले: अकरा दुकानांची जीएसटीची विवरणपत्रे दरमहा भरली, बँकेचा उतारा व वही जुळवली, दोन वर्षांचे ताळेबंद तयार केले. खोटे 'सुमारे' गेले आणि खरे आकडे आले. ते 'सुमारे' राहिले असते, तर जुन्या कचेरीच्या दाखल्यावरील तारखांनी ते पहिल्याच दिवशी उघडे पाडले असते.

मुलाखतीत प्रश्न आलाच, "आम्ही पाच वर्षे मागितली होती." तिने उत्तर दिले, "होय, माझी तीन वर्षे चार महिने झाली आहेत. ताळेबंद दोनदा केले, ते वरिष्ठांनी तपासले. लेखापरीक्षकांसमोर एकटी मात्र अजून बसले नाही. ते शिकावे लागेल." आणि ती थांबली. हे थांबणे अवघड असते. पुष्कळ उमेदवार येथे घरची अडचण सांगतात, तीनदा क्षमा मागतात, आणि लहानशी उणीव मोठी करून ठेवतात.

पुढचा प्रश्न कोणता येतो, इकडे कान द्यावा. कामाविषयी विचारले, तर दार उघडे आहे. पुन्हा प्रमाणपत्रच विचारले, तर अट पक्की आहे. मग वाद न घालता, आपल्या पात्रतेत बसणारी खालची जागा आहे का, एवढे विचारून उठावे.

तिला सहा महिन्यांच्या बोलीवर घेतले, पगार जाहिरातीपेक्षा कमी. सहा महिन्यांनी कागद तपासले गेले, तेव्हा तिला झाकायचे असे काही नव्हते.