नॉनस्टिक तव्याचा नाजूक थर

नॉनस्टिक तवा म्हणजे ॲल्युमिनियमचा साधा तवा आणि त्यावर भाजून बसवलेला प्लास्टिकचा अतिशय पातळ थर. या प्लास्टिकचे पूर्ण नाव पॉलिटेट्राफ्लुओरोइथिलीन. बाजारात ते टेफ्लॉन या व्यापारी नावाने ओळखले जाते. अमेरिकेतील ड्यूपॉन्ट कंपनीत रॉय प्लंकेट हे रसायनतज्ज्ञ १९३८ मध्ये शीतयंत्रांसाठीच्या वायूंवर काम करत असताना एका नळकांड्यात वायूऐवजी पांढरी, मेणचट भुकटी तयार झालेली सापडली, तोच हा पदार्थ. स्वयंपाकाच्या भांड्यावर तो बसवण्याची युक्ती १९५० च्या दशकात फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार यांनी साधली.

या पदार्थातील कार्बनचे अणू फ्लोरिनच्या अणूंनी चहूबाजूंनी झाकलेले असतात. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका पक्का असतो की बाहेरच्या कोणत्याही पदार्थाशी जोडले जाण्यास तेथे वावच उरत नाही. म्हणून त्यावर अंडे चिकटत नाही, पीठ चिकटत नाही, पाणीही पसरत नाही. पण ज्याला काहीच चिकटत नाही, तो थर तव्याला तरी कसा चिकटतो? कारखान्यात त्यासाठी आधी ॲल्युमिनियमवर वाळूसारख्या बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरखरीत करतात. मग त्यावर अस्तराचा एक थर आणि त्यावर वरचे एक-दोन थर देऊन तवा सुमारे ४०० अंश सेल्सिअसला भाजून काढतात. अस्तर धातूच्या खाचाखोचांत रुतून बसते आणि त्याच्या आधाराने वरचे थर टिकतात. सगळे थर मिळून जाडी साधारण २५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाएवढी किंवा त्याहूनही कमी भरते. तव्याची निगा राखायची म्हणजे ही पकड राखायची.

सर्वांत जास्त नुकसान होते ते आचेने, आणि ते डोळ्यांना लगेच दिसत नाही. हा थर साधारण २६० अंशांपर्यंत सुरक्षित राहतो. त्यापुढे तो हळूहळू खराब होऊ लागतो आणि ३५० च्या आसपास पोचल्यावर त्याचे विघटन वेगाने होते. घावन किंवा डोसा भाजताना तवा या मर्यादेच्या बराच खाली असतो, कारण पिठातले पाणी आटेपर्यंत ते तव्याची उष्णता शोषत राहते. धोका असतो तो दोन घावनांच्या मधल्या वेळात. पहिले घावन उतरवले, ते ताटात वाढले, पिठात थोडे पाणी घालून ते ढवळले, तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या बर्नरच्या पूर्ण आचेवर पातळ बुडाचा रिकामा तवा अशा काही मिनिटांत २६० अंशांपलीकडे जाऊ शकतो. त्यातही मधला भाग कडांपेक्षा आधी तापतो. म्हणूनच जुन्या तव्याच्या मध्यभागी फिकट, निस्तेज वर्तुळ पडलेले दिसते आणि घावन नेमके तेथेच तुटते.

तापमान मोजायला साधन नसले तरी तेलावरून अंदाज येतो. घरातली बहुतेक शुद्ध केलेली तेले २३० अंशांच्या आसपास धूर सोडू लागतात. तव्यावरच्या तेलातून धूर निघत असेल तर मर्यादा जवळ आली आहे असे समजून आच लगेच कमी करावी. म्हणून रिकामा तवा तापत ठेवण्यापेक्षा सुरुवातीलाच त्यावर थेंबभर तेल पसरावे आणि आच मध्यम किंवा त्याहून कमी ठेवावी. एक घावन निघाले की दुसरे घालेपर्यंत गॅस बारीक करावा. अतितापलेल्या थरातून निघणारा वायू बंद स्वयंपाकघरात श्वासावाटे गेला तर ताप, थंडी, अंगदुखी अशी फ्लूसारखी लक्षणे दिसतात. ती सहसा एक-दोन दिवसांत ओसरतात, पण पाळीव पक्ष्यांना हा वायू जीवघेणा ठरतो. पोपटाचा पिंजरा स्वयंपाकघरात ठेवण्याची पद्धत असलेल्या घरांनी हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

उष्णतेबाबत आणखी एक चूक सर्रास होते. चुलीवरून उतरवलेला तवा तसाच नळाखाली धरला जातो. गार पाण्याने धातू एकदम आकुंचन पावतो, पातळ बूड वाकडे होते आणि थराला बसलेला ताण वाढत जातो. बुडाला बाक आला की तेल एका बाजूला साचते, आच सारखी लागत नाही आणि उंच राहिलेला भाग पुन्हा अतितापतो. तवा हाताला सोसेल इतका निवल्यावरच धुवावा.

ओरखड्यांचे कारण सरळ आहे. हा पदार्थ मऊ आहे, आणि स्टीलचा कालथा, उलथने किंवा सुरी त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. थालीपीठ उलटताना उलथन्याची पातळ धार तव्याला घासत आत सरकते, तेव्हा ती थरावर रेघ ओढते. एखादी रेघ दिसायला किरकोळ वाटते, पण ती अस्तरापार धातूपर्यंत पोचली की तेथून पाणी, मीठ, चिंच-टोमॅटोचा आंबटपणा आत शिरतो. ॲल्युमिनियम त्या जागी गंजू लागते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंनी थर सुटतो. प्रथम बारीक फोड, मग पापुद्रा, असा हा क्रम असतो. म्हणून लाकडी किंवा सिलिकॉनचे उलथने वापरावे, आणि ऑम्लेट तव्यातच कापण्याऐवजी ताटात काढून कापावे. ‘धातूचा चमचा चालेल’ असे लिहिलेल्या तव्यांत थराला कठीण कणांची जोड दिलेली असते. त्याने झीज मंदावते, थांबत नाही.

धुण्याची रीत सोपी आहे. कोमट पाणी, द्रव साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ स्पंज एवढे पुरते. तारेची घासणी, राख, भांड्याची खरखरीत पावडर आणि हिरवी घासणी तव्याला लावू नये. हिरव्या घासणीत बारीक कठीण कण असतात. ज्या घरात भांडी घासायला बाई येतात, तेथे नॉनस्टिक तवा बाकीच्या ढिगात न टाकता बाजूला ठेवावा, नाहीतर सगळ्या भांड्यांना लागणारी घासणीच त्याला लागते.

तवा चिकटू लागला म्हणजे थर गेला, असे दरवेळी नसते. तेल पुरते न निघता वारंवार तापले की त्याचा तपकिरी, वार्निशसारखा लेप बसतो आणि पदार्थ त्यालाच चिकटतो. तो काढण्यासाठी तव्यात एक वाटी पाणी आणि दोन चमचे खाण्याचा सोडा घालून बारीक आचेवर पाच-दहा मिनिटे उकळावे, निवू द्यावे आणि स्पंजने पुसावे. लेप जुना असेल तर हे दोनदा करावे लागते. त्यानंतर तवा धुऊन, कोरडा करून, थेंबभर तेलावर अंडे घालून पाहावे. ते सहज सुटले तर दोष लेपाचा होता. स्वच्छ, गुळगुळीत दिसणाऱ्या जागीही अंडे चिकटले, तर थरच झिजला आहे आणि कोणत्याही उपायाने तो परत येत नाही.

तवे एकावर एक रचताना मध्ये सुती फडके घालावे. एखादा पापुद्रा चुकून पोटात गेला तर तो पचत नाही, जसाच्या तसा बाहेर पडतो. पण पापुद्रे निघू लागले किंवा खालचा चंदेरी धातू दिसू लागला की तो तवा स्वयंपाकातून काढून टाकावा.