आकडा एकटा वाचू नये

*सबस्टेशनचा चार्ज सोपवताना नव्या ऑपरेटरसाठी लिहिलेलं टिपण*

आपल्या यार्डात ५ एमव्हीएचे दोन पॉवर ट्रान्सफॉर्मर आहेत. ३३ केव्हीने येणारी वीज ते ११ केव्हीवर आणतात आणि तिथून गावठाणाचे व शेतीचे फीडर निघतात. चाव्या, परमिट बुक, डिस्चार्ज रॉड, हातमोजे यांची यादी तुला सहीनिशी दिली आहे. लॉगशीट कशी भरायची हेही तुला ठाऊक आहे. त्या शीटचे रकाने भरताना काय पाहायचं, ते या टिपणात लिहितो.

दर तासाला तू ऑइलचं तापमान लिहिशील, ६५ अंश. हा आकडा चांगला की वाईट, हे त्यावरून कळत नाही. जानेवारीच्या पहाटे हलक्या भारावर ६५ आले तर घोर लागायला हवा. मे महिन्याच्या दुपारी भरल्या भारावर ६५ असले तर ट्रान्सफॉर्मर अगदी मजेत आहे. म्हणून प्रत्येक आकड्याशेजारी तीन गोष्टी ठेवून बघायच्या: त्या वेळी हवा किती तापली होती, गेले तीन-चार तास अँपिअर किती होते, आणि शेजारचा ट्रान्सफॉर्मर काय दाखवत होता.

दोन डायल, एकच तेल

मार्शलिंग बॉक्समध्ये दोन डायल आहेत. ओटीआय टाकीतल्या वरच्या, म्हणजे सर्वांत गरम तेलाचं तापमान दाखवतो. डब्ल्यूटीआय वाइंडिंगचं तापमान दाखवतो असं आपण म्हणतो, पण वाइंडिंगला त्याचा स्पर्शही नसतो. त्याचा बल्बही वरच्या तेलातल्या पाकिटातच बसवलेला असतो. एक छोटा सीटी भाराच्या प्रमाणातला प्रवाह एका हीटरला देतो आणि तो हीटर डायलवर वाइंडिंगइतके अंश वाढवतो. म्हणजे हे वाइंडिंगच्या तापमानाचं अनुमान आहे, आणि हीटर नीट चालतो तोवरच ते खरं असतं.

या दोन डायलमधला फरक रोज बघ. पूर्ण भार म्हणजे ११ केव्ही बाजूला २६२ अँपिअर. २१० अँपिअरला आपल्या दोन्ही ट्रान्सफॉर्मरांत साधारण १० अंशांचा फरक येतो. भार २१० असून दोन्ही काटे एकाच आकड्यावर दिसले, तर वाइंडिंग थंड आहे असं समजू नकोस. हीटरचं सर्किट तुटलेलं असण्याची शक्यता जास्त. तसं असेल तर वाइंडिंग खरोखर तापलं तरी डब्ल्यूटीआयचा अलार्म वेळेवर येणार नाही.

ऑइल सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. चुलीवर मोठं पातेलं चढवल्यासारखा प्रकार आहे. शेतीचा थ्री फेज सुरू झाला की अँपिअर क्षणात चढतात, वाइंडिंग काही मिनिटांत तापतं, पण तेलाला आपल्या पातळीवर यायला काही तास लागतात. म्हणून भार आल्यावर पहिल्याच तासाला ओटीआय कमी दिसला तर निर्धास्त होऊ नकोस, आणि भार गेल्यावर काटा तासभर वरच राहिला तर घाबरू नकोस.

अलार्म आणि ट्रिपचे आकडे आपल्याकडे ओटीआयला ८५ व ९५, आणि डब्ल्यूटीआयला ९५ व १०५ असे लावले आहेत. दुसऱ्या ठिकाणी बदली झाली तर तिथले लावलेले आकडे आधी वाच. लाल काटा दिवसभरातलं सर्वांत जास्त तापमान धरून थांबतो. तो लिहून घेतल्यावर रोज मागे आणून ठेव. नाहीतर महिन्याभरापूर्वीचाच आकडा तू रोज उतरवत बसशील.

सात अंशांचा फरक

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. रब्बीचं पाणी चालू होतं. दोन्ही ट्रान्सफॉर्मर चार तासांपासून २१० अँपिअरच्या आसपास होते आणि हवा ३१ अंश होती. एक नंबरचा ओटीआय ६३ आणि दोन नंबरचा ७०. दोन्ही अलार्मपासून दूर होते, त्यामुळे लॉगशीट पाहणाऱ्याला काही खटकलं नसतं.

आधी हवेचे अंश वजा केले. एक नंबरचं तेल हवेपेक्षा ३२ अंश वर, दोन नंबरचं ३९. मग जुनी पानं उलटली. सप्टेंबरात सारख्या भारावर दोघांत एक-दोन अंशांचाच फरक होता. मध्ये काय घडलं? ऑक्टोबरात दोन नंबरच्या एका रेडिएटरच्या फ्लॅन्जमधून तेल गळत होतं, म्हणून शटडाऊन घेऊन गॅस्केट बदललं होतं.

डायलच चुकतोय का, हा पहिला प्रश्न. दोघांच्या डब्ल्यूटीआय आणि ओटीआयमधला फरक सारखाच, १० अंशांचा होता. म्हणजे वाइंडिंगवर जादा ओझं दिसत नव्हतं, तेलच गरम होतं. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन लांबून टाक्यांच्या वरच्या भागावर धरली, तेव्हाही दोन नंबरच जास्त गरम निघाला. डायल खरं बोलत होता.

मग रेडिएटर पाहिले. गरम तेल वरच्या पाइपाने रेडिएटरात शिरतं, थंड होऊन जड होतं आणि खालच्या पाइपाने टाकीत परततं. पंप नाही, पंखा नाही, वजनातल्या फरकावरच हे फिरणं चालतं. चारपैकी तीन रेडिएटरांचे खालचे पाइप कोमट होते. गॅस्केट बदललेल्या चौथ्याचा पाइप हवेइतका गार होता. त्याचा खालचा व्हॉल्व्ह बंदच राहिला होता, आणि वर रंग चढल्यामुळे उघड-बंदची खूण दिसत नव्हती.

हिशोबही जुळत होता. चाराचं काम तिघांवर आलं की तेलाची चढ सुमारे पाव पटीने वाढते, म्हणजे ३२ ची ४० च्या जवळ जाते. आपल्याला ३९ दिसली. हीच ३९ अंशांची चढ मे महिन्यात ४४ अंशांच्या हवेवर आली असती तर ओटीआय ८३ झाला असता. मग भार जरा चढला तरी अलार्म वाजायला लागला असता आणि आपण फीडर बंद करून भार कमी करत बसलो असतो, दोष मात्र व्हॉल्व्हचा होता.

असा व्हॉल्व्ह चालू ट्रान्सफॉर्मरवर उघडायचा नाही. रेडिएटरात अडकलेली हवा तेलाबरोबर टाकीत जाते, तिथून बुखोल्झ रिलेत जमते आणि अलार्म किंवा ट्रिप देते. शटडाऊन घेतला, व्हॉल्व्ह उघडला, रेडिएटरच्या वरच्या प्लगमधून आणि मग बुखोल्झमधून हवा काढली, तेल स्थिरावू दिलं, मगच चार्ज केला. पुढच्या आठवड्यात तशाच भारावर दोघांतला फरक एका अंशावर आला.

गळती

तेल नेहमी खाली ओघळतं, त्यामुळे ओला डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असं नाही. डागाचं वरचं टोक शोध. धूळ बसली की जुना ओघळही ताजा वाटतो. म्हणून शटडाऊन मिळाला की ती जागा पुसून कोरडी करायची, खडूची पूड लावायची आणि दुसऱ्या दिवशी पूड कुठून काळी होते ते बघायचं. गॅस्केटमधून पाझर असला तर बोल्ट आवळत सुटू नकोस. जास्त आवळलं की जुनं गॅस्केट चिरडतं आणि पाझराची धार होते.

किती तेल गेलं हे कॉन्झर्व्हेटरच्या मॅग्नेटिक ऑइल गेजवरून कळतं, पण तोही एकटा वाचू नये. आपल्या ट्रान्सफॉर्मरात सुमारे ३,००० लिटर तेल आहे. पहाटेच्या ३५ अंशांवरून संध्याकाळी ते ६५ वर गेलं की ६० ते ७० लिटरनी फुगतं. म्हणून पहाटेची पातळी पहाटेच्या पातळीशीच ताडून बघायची, तीही सारख्या तापमानाला. आणि तापमान ३० अंशांनी हललं तरी गेजचा काटा हललाच नाही, तर पातळी स्थिर आहे असं नव्हे, गेज अडकला आहे.

तेल फुगतं-आकसतं तेव्हा ब्रीदरमधून हवा आत-बाहेर होते. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी होताना खालून वर व्हायला हवं, कारण दमट हवा खालून शिरते. वरचा थर आधी गुलाबी झाला तर हवा दुसऱ्याच वाटेने, वरच्या जोडातून किंवा तड्यातून येत आहे. अशा वेळी नुसतं जेल बदलून भागत नाही. खालच्या कपातलं तेलही रोज बघ. ते आटलं की जेल लवकर वाया जातं.

आवाज

ट्रान्सफॉर्मरची घूं म्हणजे त्याच्या लोखंडी कोअरची थरथर. ५० हर्ट्‌झच्या विजेत कोअर सेकंदाला १०० वेळा ताणला-सैलावतो. हा आवाज भारापेक्षा व्होल्टेजवर जास्त चालतो. रात्री शेतीचा भार गेला, व्होल्टेज चढलं आणि घूं वाढली, तर आधी व्होल्टमीटर आणि टॅप बघ. चार्ज करताना पहिले काही सेकंद तो गुरगुरतो आणि मग शांत होतो, तेही स्वाभाविक आहे.

खडखड येत असेल तर बहुधा मार्शलिंग बॉक्सचं दार किंवा एखादी सैल पट्टी असते. धुक्याच्या पहाटे बुशिंगवरून बारीक चर्र ऐकू येते आणि ऊन चढलं की जाते. ती धुळीवरच्या ओलाव्याची. पुढच्या शटडाऊनला बुशिंग पुसायला लिहून ठेव. पण चर्र दुपारच्या कोरड्या हवेतही राहिली, तर सैल जोड किंवा तडा शोधायला सांग.

टाकीच्या आतून तडतड किंवा उकळल्यासारखी बुडबुड आली, तर कोणाला फोन लावत बसू नकोस. आधी ब्रेकर काढ, मग कळव. बुखोल्झचा अलार्म आला तर वेळ आणि खिडकीतला वायूचा थर लिही आणि टेस्टिंगच्या लोकांना बोलाव. नमुना तेच घेतील. नुकतंच तेलाचं काम झालं असेल तर ती साधी हवा असू शकते, पण ठरवायचं त्यांनी. बुखोल्झवर ट्रिप झाला, तर चाचणीशिवाय पुन्हा चार्ज करायचा नाही, सरपंचापासून कोणाचाही फोन आला तरी.

बाकी राहिलेलं

एक नंबरच्या ड्रेन व्हॉल्व्हला बारीक पाझर आहे. ठिपका अजून गिट्टीपर्यंत पोचत नाही. तो थेंब होऊन पडू लागला, किंवा सारख्या तापमानाला गेजचा काटा आठवड्यात खाली आलेला दिसला, तर शटडाऊन माग. दोन नंबरच्या व्हॉल्व्हच्या खुणांवरचा रंग खरवडायला सांगितलं आहे, अजून झालेलं नाही. मागच्या बाजूच्या वहीत दोन्ही ट्रान्सफॉर्मरांची हवेपेक्षा किती चढ असते ते भारानुसार लिहून ठेवलं आहे. मार्च उजाडायच्या आत त्यात तुझे स्वतःचे आकडे भर, कारण उन्हाळ्यात शंका आली की ताडून बघायला तेच लागतील.